करार पुढे न नेण्याची नोटीस : पत्ता जुना, ईमेलला ऑटो-रिप्लाय, मुदत तोंडावर

फाउंड्रीवाला_शिरोली | मंगळवार, २७ जानेवारी २०२६, रात्री ८.५०

मंडळी, जरा घाईचा विषय आहे. आमची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, तिघे भाऊ भागीदार. एका पंप बनवणाऱ्या कंपनीला केसिंगची कास्टिंग देतो. करार १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२६. दर किलोमागे ठरलेला. कलम असं आहे की, संपायच्या आधी किमान ६० दिवस 'पुढे न्यायचा नाही' अशी नोटीस समोरच्याला मिळाली नाही, तर करार आपोआप आणखी दोन वर्षं त्याच दराने चालू. पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या आजच्या भावात तो दर आम्हाला अजून दोन वर्षं परवडणारा नाही.

करार इंग्रजीत आहे. नोटिशीचं कलम मराठीत सांगतो. नोटीस लेखी, अधिकृत माणसाच्या सहीची. हातपोच दिली तर पोच मिळाली तेव्हा मिळाली. टपाल किंवा कुरिअरने पाठवली तर टाकल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवशी मिळाली असं मानायचं. ईमेल चालतो, पण सही केलेली प्रत जोडून आणि करारातल्या दोन्ही ईमेलवर (एक परचेसचा, एक लीगलचा). न पोचल्याचा संदेश आला नाही तर ईमेल त्याच दिवशी मिळाला, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर पाठवला असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. रविवार, सार्वजनिक सुट्टी आणि बँकेची सुट्टी हे कामाचे दिवस नाहीत. पत्ता बदलला तर तोही याच कलमाप्रमाणे कळवायचा.

आता झालंय असं. शुक्रवारी २३ तारखेला संध्याकाळी ६.४० ला आमच्या अकाउंटंटने त्याच्या ईमेलवरून परचेसच्या ईमेलवर लिहिलं. जोडपत्र काही नाही. तिकडून लगेच ऑटो-रिप्लाय आला की हा माणूस कंपनीत नाही, अमक्याशी संपर्क करा. शनिवारी २४ ला तोच मजकूर लेटरहेडवर छापून, मधल्या भावाची सही घेऊन कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्यांच्या नव्या प्लँटवर स्पीड पोस्ट केली. करारात पत्ता शाहूपुरीतल्या ऑफिसचा आहे, पण ते ऑफिस त्यांनी दीड वर्षापूर्वी सोडलं. आम्ही बिलंही कागललाच पाठवतो.

नोटीस लागू झाली का? नसेल तर अजून वेळ आहे का?

---

निशा_सीए | रात्री ९.१५

घाबरू नका. साठ दिवस म्हणजे दोन महिने, म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत वेळ आहे. आणि जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७, कलम २७ : योग्य पत्ता, पुरेसं टपाल, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं की बजावणी झाली असं कायदाच मानतो. शनिवारी टाकलंय ना, मग झालं.

---

पेठेतला_गडी | रात्री ९.२२

भावा, एवढं कशाला? त्यांच्या मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाक. निळी टिक आली की विषय संपला. मुंबई हायकोर्टानंच २०१८ ला मान्य केलंय म्हणं, पीडीएफ उघडलेली दिसली तर नोटीस पोचली.

---

बावड्याचा_वकील | रात्री १०.०५

आधी तारीख, कारण बाकी सगळं तिच्यावर आहे. निशाताई, साठ दिवस आणि दोन महिने एकच नाहीत, आणि इथे फेब्रुवारी २८ चा आहे. करारात 'किमान ६० दिवस आधी' असं असलं की मधले साठ दिवस पूर्ण मोकळे मिळायला हवेत, अशीच सावध मोजणी करायची. मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, ३१ मार्चही धरायचा नाही. जानेवारीचे ३० आणि ३१ असे दोन, फेब्रुवारीचे २८, मार्चचे १ ते ३० म्हणजे ३०. झाले बरोबर ६०. म्हणजे नोटीस गुरुवार २९ जानेवारीला मिळालेली हवी. ३० तारखेलाही चालेल असा युक्तिवाद करता येतो, पण तो युक्तिवाद करायची वेळच कशाला आणायची?

कलम २७ बद्दल. त्याची भाषा कायद्याने टपालाने बजावायला सांगितलेल्या कागदांसाठी आहे. तुमचा कागद कराराने मागितलेला आहे. तिथे आधी करार काय म्हणतो ते बघतात. टपालात टाकलेली वस्तू रीतसर पोचली असं गृहीत धरायला पुराव्याचा कायदा मदत करतो, पण ते गृहीतक समोरचा खोडू शकतो. शिवाय दोन्हीकडे सुरुवात एकाच शब्दाने होते : योग्य पत्ता.

गडी, ते २०१८ चं प्रकरण मला माहीत आहे. ती दरखास्तीतली, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीतली, कोर्टाची नोटीस होती आणि नोटीस टाळणाऱ्या माणसाला ती पोचली का एवढाच प्रश्न होता. इथे दोघांनी बसून ठरवलंय की नोटीस कशी द्यायची. त्यात व्हॉट्सअ‍ॅप नाही. पाठवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

शिरोलीकर, आता तुमच्या दोन्ही कागदांचा मजकूर इथे टाका. शब्द न शब्द. कंपनीचं नाव खोडून.

---

फाउंड्रीवाला_शिरोली | रात्री १०.३०

मराठी करून टाकतो :

'सध्याच्या कच्च्या मालाच्या दरात पुरवठा करणे आम्हांस अवघड झाले आहे. दर किलोमागे सुधारून न दिल्यास कलम १४ प्रमाणे ३० मार्च २०२६ नंतर करार पुढे चालू ठेवणे शक्य होणार नाही. कृपया चर्चेसाठी वेळ द्यावी.'

शनिवारच्या पत्रातही हेच आहे. आता लिहिताना लक्षात आलं, मुदतवाढीचं कलम १५ आहे आणि तारीख ३१ मार्च.

---

बावड्याचा_वकील | रात्री १०.५५

कलम आणि तारीख राहू द्या बाजूला. त्याहून मोठी अडचण मधल्या वाक्यात आहे. 'दर सुधारून न दिल्यास.' ही नोटीस नाही, हे भावाच्या घासाघीशीचं पत्र आहे. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की हे करार संपवतायत की दर मागतायत? त्यांनी उद्या एक रुपया वाढवून दिला तर? पन्नास पैसे दिले तर? पुढे न नेण्याची नोटीस एकदा दिली की त्यावरून दोघांनाही कळलं पाहिजे की ३१ मार्चला हे संपलं. अट घातली की ते कळत नाही. 'शक्य होणार नाही' हेही पुरेसं ठाम नाही.

त्यामुळे २३ चा ईमेल कोणत्या पत्त्यावर गेला, ऑटो-रिप्लायचं काय, हा सगळा वाद जिंकलात तरी हातात येतं ते दर मागणारं पत्र.

उद्या सकाळी नवी नोटीस काढा. चर्चा वेगळ्या पत्राने, वेगळ्या दिवशी करा. नोटिशीत तीनच गोष्टी हव्यात : करार कोणता, तो आम्ही पुढे नेणार नाही, तो ३१ मार्च २०२६ ला संपतो. कारण देऊ नका. कारण दिलं की त्या कारणावर वाद सुरू होतो.

---

कंत्राट_कट्टा | रात्री ११.२०

मी एका कारखान्याच्या लीगल खात्यात आहे (यांच्या नाही). समोरच्या खुर्चीतून सांगतो. असं पत्र आलं तर आम्ही काय करतो? काहीच नाही. परचेसला सांगतो, गोड बोला, चर्चेला बोलवा, तारीख फेब्रुवारीतली द्या. जानेवारी संपला की लिहून टाकायचं, कलमाप्रमाणे मुदतवाढ झालेली आहे.

वकीलसाहेबांच्या मजकुरात एक भर. तारखेपुढे 'किंवा करारानुसार जी तारीख योग्य ठरेल त्या तारखेस' असं जोडा. एका दिवसाची चूक निघाली तरी नोटीस त्यामुळे वाचते.

---

निशा_सीए | रात्री ११.३२

पण कलमाचा नंबर चुकला, तारीख चुकली की नोटीसच बाद ना? मागच्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने चेकच्या प्रकरणात हेच सांगितलं. चेक एक कोटीचा, नोटिशीत दोन कोटी लिहिले, टायपिंगची चूक म्हणाले, तरी केस गेली. कावेरी प्लास्टिक्स.

---

बावड्याचा_वकील | बुधवार, २८ जानेवारी, सकाळी ६.४०

निकाल बरोबर आहे, पण इथे बसत नाही. चेक बाउन्सच्या नोटिशीवर फौजदारी जबाबदारी उभी राहते. 'चेकची रक्कम मागा' असं कायद्यानेच सांगितलंय, म्हणून रकमेला तिथे सूट नाही.

करार किंवा भाडेपट्टा संपवायच्या नोटिशीला न्यायालयं एवढी कडक नसतात. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये भगवानदास अगरवाला प्रकरणात म्हटलंय की अशी नोटीस चुका काढायच्या नजरेने वाचायची नाही, ती टिकेल अशा समजुतीने वाचायची. तिकडे लंडनला १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर मनाई इन्व्हेस्टमेंट्सचं प्रकरण होतं. भाडेकरूने १३ जानेवारीऐवजी १२ लिहिलं. पट्टा हातात असलेल्या शहाण्या माणसाला त्यातून काय कळलं असतं, असं विचारून तीन विरुद्ध दोन मतांनी नोटीस राखली. म्हणून म्हणतो, ३० मार्च आणि कलम १४ यांनी माझी झोप उडत नाही. करारात मुदतवाढीचं कलम एकच आहे, शेवटची तारीख एकच आहे, वाचणारा गोंधळणार नाही.

पण त्याच निकालात लॉर्ड हॉफमन यांनी दुसरी बाजूही सांगितली आहे. कराराने निळ्या कागदावर नोटीस मागितली असेल तर गुलाबी कागदावरची चालणार नाही, मग तुमचा हेतू कितीही स्पष्ट असो. मजकुरातली चूक समजून घेता येते. कशी द्यायची, कुठे द्यायची, किती तारखेपर्यंत द्यायची, यातली चूक समजून घ्यायला न्यायाधीशाला जागाच नसते. तुमच्या २३ तारखेच्या ईमेलला सहीची प्रत नाही आणि दुसरा ईमेल पत्ता नाही. हा गुलाबी कागद.

आता वेळ. आज टपालात टाकलं तर तिसरा कामाचा दिवस ३१ तारीख, पाचवा शनिवार, बँका चालू. म्हणजे उशीर. शनिवारी २४ ला टाकलेलं पत्र चांगलं असतं तर बरोबर २९ ला लागू झालं असतं. २४ हा चौथा शनिवार, २५ रविवार, २६ प्रजासत्ताक दिन, मग २७, २८, २९. आज तुमच्या हातात दोनच वाटा उरतात, ईमेल आणि हातपोच. दोन्ही करा. ईमेल साडेपाचच्या आत, दोन्ही पत्त्यांवर, भागीदाराच्या सहीची पीडीएफ जोडून, आणि भागीदाराच्या स्वतःच्या ईमेलवरून. टपाल तरीही टाका, शाहूपुरी, कागल आणि कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय या तिन्हीकडे. एमसीए म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की नोंदणीकृत पत्ता फुकट दिसतो. कंपनी कायद्याचं कलम २० कंपनीवर कागद बजावण्यासाठी तोच पत्ता धरतं.

आणि नोटिशीत लिहा की २३ तारखेच्या पत्राला बाधा न आणता ही देत आहोत. जुनं मागे घेऊ नका.

---

सुलभाकाकू_राजारामपुरी | सकाळी ८.१०

माझंही असंच आहे. फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. मुलगा डिसेंबरात सोडून गेला, बाथरूमची वाट लावून. नोटीस पाठवायची तर करारात त्याचा पत्ता माझ्याच फ्लॅटचा! मी मलाच नोटीस पाठवू का?

---

बावड्याचा_वकील | सकाळी ८.२५

काकू, नोंदणी केलेला करार असेल तर त्यात पक्षकाराच्या नावाखाली त्याचा कायमचा पत्ता असतो, तो बघा. तिथे पाठवा, आणि फ्लॅटच्या पत्त्यावरही एक टाका, मग ती परत तुमच्याच दारात आली तरी चालेल. डिपॉझिटचा हिशेब सोबत जोडा. बाकी वेगळ्या धाग्यात विचारा, इथे शिरोलीकरांची घाई आहे.

---

टपालतात्या | सकाळी ९.०५

मी पोस्टातून निवृत्त. दोन गोष्टी सांगतो. तुमच्या करारात 'रजिस्टर्ड ए.डी.' शब्द असेल तर आता त्या नावाची खिडकी शोधू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळली. स्पीड पोस्ट करतानाच 'रजिस्ट्रेशन' ही जादा सेवा मागायची. थोडे पैसे जास्त पडतात, पण पाकीट ज्याच्या नावाने आहे त्याच्याच हातात द्यायचं असतं. पावतीवर ते आलंय का बघून घ्या. जुन्या करारातल्या शब्दांना हीच सेवा जवळची.

दुसरं, पाकीट परत आलं की लोक फाडून बघतात. फाडू नका. त्यावर पोस्टमनचा शेरा असतो आणि सगळी किंमत त्या शेऱ्याला आहे. 'रिफ्यूज्ड' म्हणजे समोर होता, घेतलं नाही. 'अनक्लेम्ड' म्हणजे सूचना ठेवली, न्यायला आला नाही. 'लेफ्ट' म्हणजे तो तिथे राहतच नाही. 'इन्सफिशियंट अ‍ॅड्रेस' म्हणजे चूक पाठवणाऱ्याची. बंद पाकीट तसंच ठेवायचं, पुढे कोर्टातच उघडायचं. ट्रॅकिंगची प्रिंटही वेळेत काढा, ती माहिती साइटवर कायम राहत नाही.

---

कंत्राट_कट्टा | सकाळी ९.३०

तात्यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. शाहूपुरीचं पाकीट 'लेफ्ट' शेऱ्यानेच परत येणार हे सगळ्यांना माहीत आहे. मग ते पाठवून काय उपयोग, वकीलसाहेब? जिथे कोणी नाही हे तुम्हाला माहीत आहे, तिथे पाठवलेली नोटीस 'मिळाली' कशी मानायची? कोर्ट म्हणेल, तुम्हाला कागलचा पत्ता माहीत होता, बिलं तिकडेच जात होती.

---

बावड्याचा_वकील | सकाळी ९.५०

म्हणूनच दोन्हीकडे. चेकच्या प्रकरणात 'लेफ्ट' शेरा आला तर मीही तुमच्यासारखंच म्हणेन, तिथे पाठवणाऱ्याची बाजू लंगडी पडते. पण इथे करार सांगतो की पत्ता बदलला तर याच कलमाने कळवा. त्यांनी कळवला नाही. परचेसवाल्याने फोनवर सांगणं म्हणजे कळवणं नाही. मग जुना पत्ता करारापुरता जिवंत आहे आणि रिकाम्या ऑफिसचा धोका त्यांच्या गळ्यात पडतो. उलट कागलला दिलेली नोटीस 'आमच्या कराराच्या पत्त्यावर आलीच नाही' म्हणून तेच नाकारू शकतात. हा भाग वादाचा आहे, मी नाही म्हणत नाही.

---

फाउंड्रीवाला_शिरोली | दुपारी ४.४५

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो. सकाळी ११.१० ला मोठ्या भावाच्या ईमेलवरून दोन्ही पत्त्यांवर नोटीस गेली. एक पानी पीडीएफ, तिघांच्या सह्या. परचेसकडून परत तोच ऑटो-रिप्लाय. लीगलकडून काहीच नाही, परतही आला नाही.

मग मी आणि धाकटा कागलला गेलो. गेटवर सिक्युरिटीने आत फोन लावला. आतून सांगितलं, घेऊ नका. मी म्हटलं, घेणार नसाल तर तसं लिहून द्या. तेही नको. शेवटी त्याच्या गेट रजिस्टरला आमची एन्ट्री झाली, आणि आमच्या प्रतीवर त्याने गेटचा इनवर्ड शिक्का मारला, खाली लिहिलं 'मजकूर तपासला नाही'. पाकीट त्याच्या टेबलावर ठेवून आलो. गाडीतून उतरल्यापासून धाकट्याने मोबाईलवर व्हिडिओ घेतलाय.

शाहूपुरीत आता साड्यांचं दुकान आहे. रमणमळ्याच्या हेड पोस्टातून तिन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्ट केली, तात्या म्हणाले तशी जादा सेवा घेऊन.

प्रश्न असा की ऑटो-रिप्लाय म्हणजे 'न पोचल्याचा संदेश' होतो का?

---

पेठेतला_गडी | संध्याकाळी ५.०२

नाद खुळा! सिक्युरिटीवाल्याला चहा पाजला का नाही?

---

बावड्याचा_वकील | संध्याकाळी ५.२०

माझ्या मते नाही. न पोचल्याचा संदेश सर्व्हर पाठवतो : असा पत्ता नाही, पेटी भरली, नाकारला. ऑटो-रिप्लाय पेटी पाठवते, म्हणजे ईमेल पेटीत पडला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ही असंच सांगतं. करारात काही वेगळं ठरलं नसेल तर, ज्याने एखादा ईमेल पत्ता नेमून दिलाय त्याला तो कागद त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला त्या वेळी मिळाला. वाचला का, हा प्रश्नच नाही. नेमून न दिलेल्या पत्त्यावर पाठवला असता तर मात्र त्याने तो उघडून घेतला तेव्हा मिळाला असं धरलं असतं. करारात ईमेल पत्ते लिहिण्याचा फायदा हाच.

---

कंत्राट_कट्टा | संध्याकाळी ५.४०

मी इतका निश्चिंत नसेन. ऑटो-रिप्लायमध्ये 'अमक्याला लिहा' असं स्पष्ट आहे. तो वाचून तुम्ही गप्प बसलात तर समोरचा म्हणेल, इथे कोणी बघत नाही हे तुम्हाला त्याच मिनिटाला कळलं होतं. त्या अमक्यालाही एक प्रत आजच टाका. बारा मिनिटं आहेत असं म्हणणार होतो, पण साडेपाच होऊन गेले. तरी टाका. ती उद्या २९ ला मिळाल्याची धरली जाईल, म्हणजे अजून मुदतीतच.

आणि लीगलकडून शांतता आहे ती चांगली बातमी समजू नका. कंपन्यांच्या सर्व्हरवर अनोळखी जोडपत्र स्पॅमच्या कोंडवाड्यात जातं, पाठवणाऱ्याला काही कळत नाही. कायद्याने ते तुमच्याकडून पोचलंय, पण ते सिद्ध करायला स्क्रीनशॉट कमी पडतो. ईमेल `.eml` स्वरूपात, पूर्ण हेडरसह उतरवून ठेवा. पाठवलेला मेसेज डिलीट करू नका. खटला झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, आणि ज्याच्या लॅपटॉपवरून ईमेल गेला त्यानेच सही करणं सोपं जातं. अकाउंटंट नोकरी सोडून गेला की त्याचा ईमेल कुठला आणि प्रमाणपत्र कुठलं?

---

फाउंड्रीवाला_शिरोली | संध्याकाळी ६.०५

टाकला. त्या माणसाचं लगेच उत्तर आलं : 'नोंद घेतली, संबंधितांकडे पाठवत आहे.'

---

बावड्याचा_वकील | संध्याकाळी ६.१२

ते उत्तर सोन्यासारखं जपून ठेवा. आता परत काही लिहू नका. दर, चर्चा, सवलत, काहीही नाही, निदान फेब्रुवारीचा पहिला आठवडा जाईपर्यंत.

---

फाउंड्रीवाला_शिरोली | मंगळवार, १० फेब्रुवारी, रात्री ९.३०

त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. चार मुद्दे आहेत. एक, २३ तारखेचा ईमेल नोटीस नाही. दोन, परचेसची पेटी बंद असल्याने 'दोन्ही ईमेल' ही अट पूर्ण झाली नाही. तीन, गेटच्या शिक्क्याला पोच म्हणता येत नाही, कारण सिक्युरिटी एजन्सीची आहे. चार, कराराच्या पत्त्यावर टाकलेलं टपाल ३१ ला लागू होतं, म्हणजे मुदतीबाहेर. शेवटी 'करार ३१ मार्च २०२८ पर्यंत चालू आहे' आणि 'सर्व हक्क राखून'.

शाहूपुरीचं पाकीट 'लेफ्ट' शेऱ्याने परत आलं. न उघडता ठेवलंय, तात्या.

---

निशा_सीए | रात्री ९.५०

म्हणजे त्यांनी कागलच्या पाकिटाबद्दल 'मिळालं नाही' असं कुठेच म्हटलेलं नाही?

---

बावड्याचा_वकील | रात्री १०.१५

निशाताई, बरोबर हेरलंत. मिळालं नाही असं ते म्हणतच नाहीत, रीतीत चूक आहे एवढंच म्हणतात. पहिला मुद्दा मान्य करून सोडून द्या. चौथाही त्यांचा बरोबर आहे, टपाल उशिरा होतंच. तिसऱ्यात दम आहे, कारण 'पोच दिली तेव्हा' असे शब्द आहेत आणि पोच कोणी द्यायची हे लिहिलेलं नाही. रोज त्याच गेटवर त्याच शिक्क्याने तुमचा माल उतरतो का? डिलिव्हरी चलनावर तोच शिक्का असेल तर गेल्या वर्षभराची चलनं काढा. ज्या शिक्क्यावर कंपनी माल स्वीकारते, त्याच शिक्क्यावर ती कागद नाकारते, हे सांगणं त्यांना जड जाईल.

सगळी लढाई दुसऱ्या मुद्द्यावर आहे. पत्ता करारात त्यांनीच दिला, पेटी त्यांनीच चालू ठेवली, बदल कळवला नाही. पेटी बंद असती तर ऑटो-रिप्लाय आला कुठून? मला तुमची बाजू वरचढ वाटते. पण या नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवता येईल असा निकाल आज माझ्या हाताशी नाही.

---

कंत्राट_कट्टा | रात्री १०.४०

मला ५५-४५ वाटतं, तेही २९ तारखेच्या 'नोंद घेतली'मुळे. त्या उत्तराची वेळ काय होती? आणि तो माणूस कोण आहे, परचेसचा की लीगलचा?

---

फाउंड्रीवाला_शिरोली | रात्री १०.४८

उत्तर २९ ला नाही, २८ लाच आलं होतं, संध्याकाळी ५.५८ ला. सहीखाली 'मॅनेजर, परचेस' आहे. चलनं उद्या काढतो, बहुतेकांवर तोच गोल शिक्का आहे. करारात लवादाचं कलम पण आहे, त्याची नोटीसही याच कलमाने द्यायची का?

---

बावड्याचा_वकील | रात्री ११.०२

हो, आणि ती त्यांना मिळेल त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात, त्यामुळे तिथेही पत्त्याचा प्रश्न येणारच. लवाद कायद्याच्या कलम ३ मध्ये पत्त्याबद्दल स्वतंत्र तरतूद आहे, ती थोडी सैल आहे, पण करारात वेगळं ठरलं असेल तर करारच चालतो. घाई नको. आधी ३१ मार्चपर्यंतच्या ऑर्डरी नेहमीप्रमाणे पुऱ्या करा. १ एप्रिलनंतरच्या तारखेची त्यांची एकही परचेस ऑर्डर स्वीकारू नका. आली तर त्याच दिवशी, दोन्ही ईमेलवर, सहीच्या पीडीएफने परत करा.